2ˣ = 32 पासून लॉगच्या समीकरणापर्यंत: कार्यपत्रिकेच्या पायऱ्या कशा रचाव्यात?

वाचकाचे पत्र

मी अकरावीला गणित शिकवते. घातांकांचे प्रश्न विद्यार्थी भराभर सोडवतात, पण लॉगची समीकरणे आली की तीच मुले अडखळतात आणि आलेल्या दोन उत्तरांपैकी कोणते ठेवायचे हे अंदाजाने ठरवतात. साध्या घातांकांपासून लॉगच्या समीकरणांपर्यंत चढत जाणारी एकच कार्यपत्रिका मला तयार करायची आहे. तिच्या पायऱ्या कशा ठेवाव्यात आणि मुले नेमकी कुठे चुकतात हे कसे ओळखावे?

— एक शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुले भराभर सोडवतात त्या प्रश्नांकडे आधी थोडे बारकाईने पाहू या. 2ˣ = 32 हा प्रश्न बहुतेक विद्यार्थी केवळ ओळखतात; 2, 4, 8, 16, 32 ही ओळ त्यांना पाठ असते, ती बोटांवर मोजली की 5 हे उत्तर हाती येते. असे दहा प्रश्न बरोबर आले तरी घातांक म्हणजे काय हे त्या विद्यार्थ्याला समजले आहे की नाही, याचा काहीच पत्ता लागत नाही. म्हणून पहिल्या गटात थोडेच प्रश्न ठेवावेत, परंतु प्रत्येक प्रश्नात आधीच्या प्रश्नापेक्षा एकच गोष्ट बदललेली असावी, म्हणजे विद्यार्थी कुठे थांबला यावरून त्याला काय येत नाही हे लगेच कळेल.

मी हा गट असा लावेन: 2ˣ = 32, मग 2ˣ = 1/32, त्याला लागूनच 32ˣ = 2, आणि मग 4ˣ = 32. यांची चुकीची उत्तरेच तुम्हाला अधिक सांगून जातील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 1/5 लिहिणारा विद्यार्थी ऋण घातांक आणि अपूर्णांक घातांक यांची गल्लत करत असतो; त्याच्यासमोर 32ˣ = 2 हा प्रश्न लगेच आला, की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच कसे असेल, असा विचार त्याला करावाच लागतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 8 आले, तर तो विद्यार्थी 4ˣ ला 4 गुणिले x समजतो आहे. ही चूक अकरावीतही दिसते, आणि ती इथे सापडली नाही तर पुढे लॉगच्या आवरणाखाली दडून बसते. या प्रश्नात दोन्ही बाजू एकाच पायावर आणण्याची मांडणी पूर्ण लिहून घ्यावी: 2²ˣ = 2⁵, म्हणून 2x = 5 आणि x = 5/2.

या गटाच्या शेवटी 2ˣ = 1, 2ˣ = 0 आणि 2ˣ = −4 हे तीन प्रश्न अवश्य ठेवा. घातांकांच्या सरावात शेवटचे दोन प्रश्न सहसा दिले जात नाहीत, कारण त्यांना उत्तरच नाही. पण तुमच्या कार्यपत्रिकेतील सर्वांत मोठी अडचण तिथेच आधी सुटणार आहे. x च्या जागी −1, −2, −10 घालायला सांगा. 1/2, 1/4, 1/1024 अशा किमती लहान होत जातात, परंतु शून्य होत नाहीत आणि ऋण तर कधीच होत नाहीत. हे पाहून झाल्यावर “x ही कोणतीही वास्तव संख्या घेतली तरी 2ˣ धनच का राहतो?” या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहावे. ऋण संख्येचा लॉग का काढता येत नाही याचे सगळे स्पष्टीकरण त्या दोन वाक्यांत आहे, फक्त लॉग हा शब्द अजून आलेला नाही.

आता जिथे बहुतेक कार्यपत्रिका घाईने पुढे जातात तिथे तुम्ही थोडे थांबावे, असे मला वाटते. घातांकांचा गट संपतो आणि पुढच्या ओळीत व्याख्या येते: aʸ = x असेल तर logₐ x = y. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे एक नवे चिन्ह असते आणि ते कशासाठी आले हे त्याला कळलेले नसते. त्यामुळे तो log ला एखाद्या चलासारखी वागणूक देतो: कंसाबाहेरून आत गुणतो, दोन्ही बाजूंनी छेदतो, भागतो. हे टाळायचे असेल तर चिन्हाच्या आधी त्या चिन्हाची गरज निर्माण व्हायला हवी, आणि त्यासाठी एक प्रश्न पुरतो: 2ˣ = 10.

या प्रश्नासाठी अर्धे पान मोकळे ठेवा. 2³ = 8 आणि 2⁴ = 16, म्हणून x हा 3 आणि 4 यांच्या मध्ये आहे. घातांक 3.5 घेतला तर किंमत 8 × √2, म्हणजे सुमारे 11.31 येते, ती 10 पेक्षा जास्त आहे, म्हणून x हा 3.5 पेक्षा लहान. घातांक 3.25 घेतला तर 8 ला √2 च्या वर्गमुळाने गुणावे लागते, ते सुमारे 1.189 असल्याने किंमत सुमारे 9.51 येते; म्हणून x हा 3.25 पेक्षा मोठा. वर्गमूळ काढता येणाऱ्या कोणत्याही साध्या गणनयंत्रावर हे होते. इथपर्यंत आल्यावर विद्यार्थ्याला दोन गोष्टी पटलेल्या असतात: अशी एक संख्या नक्की आहे, आणि ती पूर्णांक किंवा ओळखीच्या अपूर्णांकाच्या रूपात सापडत नाही. मग त्या संख्येला नाव द्यायचे: log₂ 10. “2 चा कितवा घात केला असता 10 मिळतात?” या प्रश्नाच्या उत्तराचे ते नाव आहे, हे वाक्य कार्यपत्रिकेवर चौकटीत छापावे आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याला त्याच वाक्याकडे परत आणावे.

इतिहासातला क्रम मात्र याहून वेगळा होता. नेपियर यांनी लॉगरिदमची कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध केली, तर आज आपण घातांक ज्या पद्धतीने वर लिहितो ती देकार्त यांच्या १६३७ च्या ग्रंथातून रूढ झाली. लॉग म्हणजे घातांकच, ही मांडणी ऑयलर यांनी १७४८ मध्ये व्यवस्थित पुढे नेली. लॉग हे मोठे गुणाकार सोपे करण्याचे साधन म्हणून आधी आले, त्यामुळे कोष्टकांपासून सुरुवात करण्याची परंपरा दीर्घकाळ टिकली. परंतु समीकरणे सोडवायला शिकवायचे असेल तर ऑयलर यांचाच मार्ग धरावा.

नाव दिल्यानंतर लगेच नव्या संख्या आणू नयेत. पहिल्याच गटातील प्रश्न नव्या चिन्हात पुन्हा द्यावेत: log₂ 32, log₂ (1/32), log₃₂ 2, log₄ 32, log₂ 1, आणि त्यांच्या पाठोपाठ log₂ 0 व log₂ (−4). उत्तरे आधीच्या पानावर तयार आहेत, त्यामुळे विद्यार्थ्याला केवळ चिन्ह वाचायचे असते आणि त्याचे सगळे लक्ष तिथेच राहते. log₄ 32 = 5/2 लिहिताना त्याने मागे 4ˣ = 32 सोडवल्याचे ओळखले, तर दुवा जुळला. log₂ (−4) ला “अर्थ नाही” असे लिहून त्याने कारण म्हणून आपलीच मागची दोन वाक्ये दाखवली, तर तो पुढे जायला पूर्ण तयार आहे असे समजावे. पाया धन असावा आणि 1 नसावा ही अटही इथेच येऊ द्यावी; 1ˣ = 5 सोडवून पाहा एवढे सांगितले तरी ती समजते.

लॉगच्या नियमांवर मी फार जागा घालवणार नाही, पण ते जिथे लागू होत नाहीत ती ठिकाणे तपासायला लावीन. log₂ 8 + log₂ 8 ची किंमत 3 + 3 = 6 येते, आणि log₂ (8 + 8) म्हणजे log₂ 16 ची किंमत 4 येते. तसेच log₂ 32 भागिले log₂ 8 हे 5/3 आहे, तर log₂ (32/8) हे 2 आहे. किमती काढता येतील अशा संख्या घेतल्या की बेरजेचा लॉग आणि लॉगची बेरीज यांतला फरक विद्यार्थी स्वतःच्या उत्तरांतून पाहतो. याच ठिकाणी 2ˣ = 10 कडे एकदा परतावे: दोन्ही बाजूंचे 10 पायाचे लॉग घेतले तर x log 2 = 1 मिळते, log 2 सुमारे 0.3010 असल्याने x सुमारे 3.32 येतो, आणि तो खरोखर 3.25 व 3.5 यांच्या मध्ये बसतो. अंदाजाने आखलेल्या मर्यादेत नियमाने काढलेले उत्तर पडते हे पाहिल्यावर नियमांवरचा विश्वास वाढतो.

समीकरणांचा गट एका लॉगपासून सुरू करावा: log₃ x = 4. उत्तर 81 आहे. 64 आले तर विद्यार्थ्याने 4³ केले आहे, म्हणजे पाया आणि घातांक यांची अदलाबदल झाली आहे. 12 आले तर 3 आणि 4 चा गुणाकार झाला आहे. या दोन्ही विद्यार्थ्यांना पुढचे समीकरण न देता चौकटीतल्या वाक्याकडे परत पाठवावे. त्यानंतर log₃ (2x − 5) = 2 द्यावे, त्यातून 2x − 5 = 9 आणि x = 7 येते. इथे 2 log₃ x − log₃ 5 असे लिहिणारा कोणी दिसला तर तो log ला गुणक मानतो आहे. मग logₓ 49 = 2 द्यावे. x² = 49 वरून 7 आणि −7 ही दोन उत्तरे येतात, आणि पाया धन हवा म्हणून −7 सोडावे लागते. उत्तर आले तरी ते ठेवता येईलच असे नाही, हा अनुभव विद्यार्थ्याला सर्वांत साध्या समीकरणात मिळाला की पुढच्या पायरीची तयारी होते.

ती पुढची पायरी म्हणजे दोन लॉगचे समीकरण, आणि तुमच्या पत्रातला अंदाजाने उत्तर ठरवण्याचा प्रश्न इथलाच आहे. नेहमीच्या सरावात log₂ x + log₂ (x − 2) = 3 यासारखे समीकरण असते, त्याची 4 आणि −2 अशी उत्तरे येतात, −2 सोडले जाते, आणि अशी पाच समीकरणे झाली की “ऋण उत्तर सोडायचे” असा चुकीचा नियम विद्यार्थी मनाशी पक्का करतो. म्हणून पहिलेच उदाहरण असे घ्यावे की त्यात सोडावे लागणारे उत्तर धन असेल:

log₂ (x − 5) + log₂ (x − 2) = 2

सोडवण्याआधी अट लिहून घ्यावी: x − 5 आणि x − 2 हे दोन्ही धन हवेत, म्हणून x > 5. आता लॉग एकत्र केले तर (x − 5)(x − 2) = 4, म्हणजे x² − 7x + 6 = 0, म्हणजे (x − 1)(x − 6) = 0. उत्तरे 1 आणि 6. यांपैकी 6 घातले तर log₂ 1 + log₂ 4 = 0 + 2 = 2, ताळा जुळतो. 1 घातले तर log₂ (−4) + log₂ (−1) लिहावे लागते आणि दोन्ही पदांना अर्थ नाही.

इतके करून उदाहरण संपवू नका. 1 हे उत्तर आलेच कुठून, असा प्रश्न कार्यपत्रिकेवर छापावा. कुठेही आकडेमोड चुकलेली नाही, तरी एक जास्तीचे उत्तर आले आहे. ते गुणाकाराच्या पायरीवर आले: x = 1 असताना दोन्ही कंस ऋण आहेत, पण त्यांचा गुणाकार (−4) × (−1) = 4 हा धन आहे, आणि एकत्र केलेल्या समीकरणाला फक्त गुणाकार दिसतो. त्याला आतले दोन घटक स्वतंत्रपणे धन आहेत की नाहीत हे कळण्याची सोय राहत नाही. हे पटण्यासाठी लगेच खाली log₂ [(x − 5)(x − 2)] = 2 हे समीकरण द्यावे. त्याची आकडेमोड तीच, उत्तरेही 1 आणि 6 हीच, पण आता दोन्ही बरोबर आहेत. ही जोडी शेजारी ठेवून फरक लिहायला लावला की विद्यार्थ्याला उत्तराच्या चिन्हाकडे पाहण्याऐवजी मूळ समीकरणातील लॉगच्या आत काय आहे हे पाहण्याची सवय लागते. यानंतर log₃ (x² − 8x) = 2 दिले तर 9 आणि −1 अशी उत्तरे येतात; −1 घातल्यावर आत 1 + 8 = 9 येतात, म्हणून ऋण असूनही ते उत्तर ठेवायचे. ज्याने −1 खोडले, त्याचा चुकीचा नियम अजून गेलेला नाही.

जास्तीचे उत्तर ताळ्यात सापडते, पण हरवलेले उत्तर ताळ्यात सापडत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा प्रश्न हवा: log₃ (x²) = 4. घात पुढे आणून 2 log₃ x = 4 लिहिणाऱ्याला x = 9 मिळते, ताळाही जुळतो, आणि −9 निसटल्याचे त्याला कळतही नाही. थेट घातांकी रूपात नेणाऱ्याला x² = 81 मिळते आणि दोन्ही उत्तरे सापडतात. मूळ समीकरणात x ऋण चालतो. घात पुढे आणताच तो चालेनासा होतो, कारण log₃ x ला धन x लागतो. वर्गामधला घात पुढे आणायचा असेल तर 2 log₃ |x| असे लिहावे, हे इथे सांगणे योग्य ठरेल. अट समीकरण सोडवण्याच्या आधीच लिहावी असा माझा आग्रह याच कारणासाठी आहे: “x शून्य नको” एवढीच अट आधी लिहिलेली असेल, तर मधल्या पायरीवर ती “x धन हवा” अशी झाल्याचे लक्षात येण्याची शक्यता असते. अर्थात x² − 8x सारख्या ठिकाणी अट काढणे म्हणजे स्वतंत्र असमानता सोडवणे होते; तिथे अट नुसती मांडून ठेवावी आणि उत्तरे आल्यावर ती त्यात घालून पाहावीत.

शेवटच्या पायरीवर वर्गसमीकरणात रूपांतर होणारी समीकरणे येतात. तिथेही मी फक्त एक जोडी ठेवीन, कारण ती जोडी कार्यपत्रिकेच्या दोन्ही टोकांना एकत्र आणते:

4ˣ − 2·2ˣ − 8 = 0

(log₂ x)² − 2 log₂ x − 8 = 0

पहिल्यात 2ˣ = t आणि दुसऱ्यात log₂ x = t मानले तर दोन्हीकडे t² − 2t − 8 = 0 हेच समीकरण मिळते आणि t = 4 किंवा t = −2 येतो. पहिल्यात 2ˣ = −2 अशक्य आहे, त्यामुळे x = 2 हे एकच उत्तर राहते. दुसऱ्यात log₂ x = −2 पूर्णपणे योग्य आहे, त्यातून x = 1/4 मिळतो, आणि दुसरे उत्तर 16 असते. लॉगच्या आत ऋण संख्या चालत नाही, पण लॉगची किंमत मात्र ऋण असू शकते. चांगले गुण मिळवणारे विद्यार्थीही इथे −2 खोडून टाकतात. असे झाले तर त्याला log₂ (1/32) चे स्वतःचेच उत्तर काढून दाखवा, तिथे −5 लिहिलेले असेल.

हे सगळे मिळून साधारण पंचवीस प्रश्न होतात आणि ते दोन तासिकांत विभागावेत; पहिली तासिका नव्या चिन्हातील जुन्या प्रश्नांपर्यंत आणि दुसरी त्यापुढे. वेगवेगळ्या पायांचे लॉग एकाच समीकरणात आणणे आणि लॉगच्या असमानता या पत्रिकेत घालू नयेत. असमानतेत पाया 1 पेक्षा लहान असेल तर चिन्ह उलटते, तो स्वतंत्र विषय आहे आणि इथे आणला तर अटींचा धागा तुटतो. गुण देताना समीकरणांच्या गटात उत्तरापेक्षा अट आणि उत्तर ठेवण्याचे किंवा सोडण्याचे कारण यांना निम्मे गुण ठेवावेत. उत्तरसूचीतही “x = 6” एवढेच न छापता “x = 6; x = 1 असताना x − 5 ऋण होतो, म्हणून 1 नाही” असे पूर्ण वाक्य छापावे, म्हणजे घरी एकट्याने तपासणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपले 1 हे उत्तर का कापले गेले हे वाचता येईल.